बोलावलं की निदान चार तास धरा

आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज पडतो: ‘उद्या ७ रिपोर्टिंग. १२ मुलं. काळी पँट, काळे बूट, दाढी करून.’ खाली भराभर नावं येतात, पहिली बारा घेतली जातात आणि बाकीच्यांना दुसऱ्या मेसेजची वाट पाहावी लागते. पुण्या-मुंबईतल्या हॉटेलांचे बँक्वेट हॉल, मंगल कार्यालयं आणि लॉन यांची निम्मी सेवा अशा मेसेजवर चालते. यातली ‘मुलं’ कधी अठराची असतात, कधी पंचेचाळिशीची. हॉलच्या पटावर त्यांची नावं नसतात. ती कॅटररकडून किंवा मुलं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून येतात आणि काम झालं की त्यांचं त्या जागेशी नातं संपतं.

या लोकांना दर कमी मिळतो, हे सगळेच बोलतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. दर कितीही वाढवला तरी तो किती तासांना लावायचा हे ठेकेदारच ठरवणार असेल, तर त्या वाढीचा उपयोग नाही. चोरी दरात कमी होते आणि बेरजेत जास्त होते. म्हणून बोलावलेल्या माणसाला दर बोलावण्यामागे किमान तासांची हमी हवी, आणि त्या तासांची बेरीज कशी करायची हे सरकारने लिहून द्यायला हवं.

एका शनिवारचा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून दर मीच ठरवतो. किमान वेतन महिन्याला १३,५२० रुपये धरू. महाराष्ट्रात मासिक दराला २६ ने भागून रोज काढतात, म्हणजे ५२० रुपये. त्याला आठने भागलं की तासाचे ६५ रुपये होतात.

आपल्या माणसाला सकाळी सातला बोलावलं आहे. साखरपुड्याचा नाश्ता आहे. साडेसातला लाइनअप होतो, कॅप्टन नखं आणि बूट बघतो. मग टेबलांवर कापडं घालायची, बुफेची भांडी लावायची, पाणी भरायचं. नाश्ता आठ ते साडेनऊ. त्यानंतर उष्ट्या प्लेटा उचलून, टेबलं आवरून दहाला सुटका. सुटताना सांगितलं जातं की संध्याकाळी रिसेप्शन आहे, सहाला ये. संध्याकाळी सहाला तो पुन्हा हजर. साडेसातला पाहुणे सुरू, दहाला बुफे बंद, साडेदहाला सुट्टी.

ठेकेदाराच्या वहीत काय लागतं? नाश्ता दीड तास, रिसेप्शन अडीच तास, एकूण चार तास, ६५ रुपयांनी २६० रुपये. म्हणजे पाहुणे खात होते तेवढाच वेळ काम धरलं. आधीची मांडामांड, नंतरची आवराआवर आणि लाइनअपमध्ये उभं राहणं यांची किंमत शून्य. खरं तर सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे साडेचार तास मिळून साडेसात तास तो माणूस दुसऱ्याच्या हुकमात होता.

इथे आपल्याकडे एक चांगला नियम आहे, जो या लोकांना कोणी सांगत नाही. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत अर्धवेळ कामगाराचा तासाचा दर काढायची रीत दिलेली असते: रोजाला आठने भागायचं आणि येईल त्या रकमेत १५ टक्के वाढ करायची. मागची समजूत सरळ आहे. ज्याला पूर्ण दिवसाचं काम मिळत नाही, त्याचा येण्याजाण्याचा खर्च आणि फुकट गेलेला वेळ थोड्या तासांवर पडतो, म्हणून त्याचा तास थोडा महाग असायला हवा. आपल्या उदाहरणात ६५ चे ७४ रुपये ७५ पैसे होतात. साडेसात तासांचे ५६० रुपये ६३ पैसे. वहीतले २६० आणि हे ५६० यांतला फरक एका दिवसाचा आहे. यात किमान दर वाढवायची मागणी अजून आलेलीच नाही.

पण १५ टक्क्यांनी सगळं भागत नाही. ही वाढ तासाची किंमत सुधारते, तासांची संख्या सुधारत नाही. कोणी दीड तासासाठी बोलावलं तर त्याला दीड तासाचे ११२ रुपये मिळतील. वाकडहून कॅम्पात यायचं, परत जायचं, कडक इस्त्रीचा शर्ट, घासलेले बूट आणि अख्खी सकाळ त्यात गेली. एवढ्या छोट्या बोलावण्याला कायद्याची तळरेषा लागते, आणि ती एका अर्थी आहे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १५ मध्ये ती होती. आता तो कायदा गेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्या कलम १० मध्ये तीच तरतूद कायम आहे. ज्याचा किमान दर रोजाने ठरला आहे, अशा कामगाराला एखाद्या दिवशी पूर्ण दिवसापेक्षा कमी काम मिळालं तरी पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं. अपवाद असा की कामगारानेच काम करायची अनिच्छा दाखवली तर हा हक्क नाही. मालकाकडे काम नव्हतं म्हणून तास कमी भरले, तर तो मालकाचा प्रश्न. वाचताना वाटतं, आणखी काय हवं?

अडचण ‘रोजाने’ या एका अटीत आहे. संहिता दर तासाने, रोजाने किंवा महिन्याने ठरवायची मुभा देते. पूर्ण रोजाची हमी जितकी कडक, तितका ठेकेदाराला माणूस तासावर दाखवायचा मोह मोठा. ‘हा रोजंदारीवर नाही, तासावर आहे’ एवढं म्हटलं की कलम १० त्याला लागत नाही, असा बचाव उभा राहतो. मग वाद त्या माणसाला रोजंदारी म्हणायचं की अर्धवेळ यावर अडकतो, आणि ज्याला उद्याच्या मेसेजची वाट पाहायची आहे तो असला वाद कशाला लढवेल? म्हणजे एका टोकाला आठ तासांची हमी आहे, जी टाळता येते, आणि दुसऱ्या टोकाला तासाचा दर आहे, ज्याला तळच नाही. मधली जागा मोकळी पडली आहे आणि छोट्या पाळ्यांचं सगळं काम त्या मोकळ्या जागेत चालतं.

त्या जागेत चार तासांची हमी घालावी असं मला वाटतं. आठ का नाहीत, असं युनियनमधले मित्र विचारतील. ज्या माणसाला खरोखर अर्ध्या दिवसाचंच काम आहे त्याच्यासाठी आठ तासांचा आग्रह धरला, की मालक पळवाट शोधतो आणि कामगाराच्या हाती शून्य येतं. चार तास म्हणजे अर्धा रोज. सकाळचं बोलावणं त्या माणसाची निदान सकाळ तरी खातंच, म्हणून अर्धा दिवस धरणं न्यायाला धरून आहे. तासावर नेमलेला असो वा कसाही, बोलावलं की चार तास हा नियम सगळ्यांना लागावा. जो खरा रोजंदारीवर आहे, त्याची कलम १० ची पूर्ण दिवसाची हमी त्यावर तशीच राहावी. दोन्हींतलं जे जास्त ते त्याला मिळावं.

आता खरी गोम बेरजेत आहे. ही हमी कशामागे मोजायची? दिवसामागे, आठवड्यामागे, महिन्यामागे की बोलावण्यामागे?

महिन्यामागे मोजली तर ती लगेच विरून जाते. लग्नसराईतल्या शनिवारी सहा तास आणि मंगळवारच्या कंपनी मीटिंगच्या चहापानाला दोन तास असं काम मिळालं, की सरासरी चार तास भरली. कागदावर हमी पाळली गेली आणि मंगळवारची सकाळ फुकट गेली. शनिवारचे सहा तास त्याने राबून कमावलेत, ते मंगळवारच्या खड्ड्यात भरायला वापरायचे नाहीत. आठवड्याच्या सरासरीचंही तेच होतं.

दिवसामागे मोजणं बरं वाटतं, पण आपला शनिवार पुन्हा बघा. सकाळी तीन आणि संध्याकाळी साडेचार मिळून साडेसात तास भरतात, म्हणजे दिवसाची चार तासांची हमी आपोआप पूर्ण झाली. पण हा माणूस दोनदा आला, दोनदा लाइनअपला उभा राहिला, आणि दहा ते सहा या मधल्या आठ तासांत ना घरी गेला, ना दुसरं काम धरू शकला. सकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत साडेपंधरा तास त्याचा दिवस ताणला गेला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा हा पसारा मुळात साडेदहा तासांवर आणि थांबूनथांबून होणाऱ्या किंवा तातडीच्या कामाला बारा तासांवर बांधला होता, तो काही उगाच नाही.

म्हणून मोजणी बोलावण्यामागे हवी. प्रत्येक बोलावणं वेगळं घ्यायचं, ते चार तासांपेक्षा कमी भरलं तर चारपर्यंत वाढवायचं, आणि मग बेरीज करायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बेरीज आणि मग हमी असं केलं की छोटं बोलावणं मोठ्याच्या पोटात लपतं. आपल्या शनिवारी सकाळच्या तीन तासांचे चार धरले जातील, संध्याकाळचे साडेचार तसेच राहतील. एकूण साडेआठ तास, ७४ रुपये ७५ पैशांनी ६३५ रुपये ३८ पैसे. आणि तास कुठून मोजायचे? रिपोर्टिंगची जी वेळ मेसेजमध्ये दिली तिथून, ‘आता जा’ असं म्हणेपर्यंत. मेसेजमध्ये सात लिहून वहीत आठ लावता येणार नाही.

बोलावून परत पाठवणं हा याच प्रश्नाचा आणखी कडवट भाग आहे. पाचशे पाहुणे म्हणून बारा मुलं मागवली, यजमानांनी सकाळी फोन करून आकडा साडेतीनशेवर आणला, की कॅप्टन लाइनअपमध्येच चौघांना बाजूला काढतो. ते चौघे तयार होऊन आलेले असतात. त्यांना फार तर चहा मिळतो.

मुंबईला यावर उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. मुंबईच्या बंदरातला गोदी कामगार हा एके काळी असाच रोज सकाळी दारात उभा राहून काम मिळतं का बघणारा माणूस होता. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा झाला आणि त्याखाली १९५६ ची मुंबईची योजना आली. त्या योजनेत राखीव गटातल्या नोंदणीकृत कामगाराला महिन्यातल्या ठरावीक किमान दिवसांच्या पगाराची हमी होती, काम न मिळालेल्या दिवशी हजेरी भत्ता होता, आणि आणखी एक गोष्ट होती जी मला फार नेमकी वाटते. कामगार कामावर आला, पण काही कारणाने काम सुरूच झालं नाही, दुसरं काम देता आलं नाही आणि दोन तासांच्या आत त्याला मोकळं केलं, तर महागाई भत्त्यासह अर्धा रोज द्यायचा. दोन तासांपेक्षा जास्त थांबवून ठेवलं तर पूर्ण रोज. जहाज उशिरा आलं, पाऊस पडला, क्रेन बिघडली, यातलं काहीच कामगाराच्या हातात नव्हतं, म्हणून त्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही असं ठरलं होतं. पाहुण्यांचा आकडा तरी वाढप्याच्या हातात कुठे असतो?

ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना यातली दुसरी बाजू ठाऊक असते, कारण त्यांतली बरीच जण तिथे कॅज्युअल म्हणूनच काम करतात. तिथे प्रत्येक उद्योगाचा वेतन-निवाडा असतो. कॅज्युअल कामगाराला मूळ तासाच्या दरावर २५ टक्के जास्त मिळतात आणि शिवाय बोलावण्यामागे किमान तास असतात: हॉटेल उद्योगाच्या निवाड्यात दोन, दुकानांच्या निवाड्यात साधारण तीन. म्हणजे आपले १५ टक्के आणि तिथले २५ टक्के हे एकाच जातीचे, पण त्यांनी वाढीव दरावर समाधान मानलं नाही, दर आणि तास दोन्ही बांधले. घरी जाऊन वृद्धांची आणि अपंगांची काळजी घेणाऱ्यांच्या बाबतीत तर त्यांना नेमकी आपल्या शनिवारचीच अडचण आली होती. सकाळी अर्धा तास एका घरी, दुपारी पाऊण तास दुसऱ्या घरी, असे तुकडे पडायचे. १ जुलै २०२२ पासून तिथे तुटक पाळीच्या प्रत्येक तुकड्याला किमान दोन तासांचं वेतन लागू झालं. दिवसाच्या बेरजेला नव्हे, प्रत्येक तुकड्याला. आपल्याकडे दोन तास पुरतील असं मला वाटत नाही, कारण इथे एका बाजूचा प्रवासच दीड तास होतो.

आता मालकाची बाजू. कॅटररचा धंदा हंगामी आहे, दर ठरवताना यजमान प्लेटमागे दहा रुपयांसाठी घासाघीस करतात, आणि नाश्त्याचं काम खरोखर तीन तासांत संपतं. चार तासांचे पैसे कुठून आणायचे? हिशेब करून पाहू. दहा मुलं, खरं काम तीन तास. नियमाप्रमाणे एकाचे २२४ रुपये २५ पैसे होतात, चार तास धरले तर २९९. फरक माणशी ७४ रुपये ७५ पैसे, दहा जणांचे मिळून ७४७ रुपये ५० पैसे. नाश्त्याला तीनशे पाहुणे असतील तर प्लेटमागे अडीच रुपये. नियम सगळ्या कॅटररना सारखाच लागला, तर हे अडीच रुपये यजमानाच्या बिलात जातील आणि प्रामाणिक कॅटररचं कंत्राट त्यापायी जाणार नाही. आज जातं ते उलट: जो लाइनअपचा वेळही धरतो त्याचं कोटेशन महाग दिसतं.

एक खरी भीती मात्र मान्य केली पाहिजे. चार तास द्यायचेच आहेत म्हटल्यावर बाराऐवजी नऊ मुलं बोलावली जातील. काही ठिकाणी हे होईल. तिघांची एक खेप बुडेल आणि नऊ जणांवर ताण पडेल. पण बुफेच्या काउंटरांमागे आणि पाण्याच्या टेबलांमागे माणसं मोजूनच लागतात, त्यामुळे ही कपात फार खोल जाऊ शकत नाही. आणि ज्याला पंचाहत्तर रुपये वाचवायला चौथा माणूस नको, त्याने आज तो गरजेपेक्षा जास्त बोलावला होता तो फुकट परत पाठवता येतो म्हणूनच. ते थांबलं तर निदान माणूस घरून निघणार नाही.

कॉलेजच्या मुलांना दोनच तास हवे असतात, हाही मुद्दा नेहमी येतो. त्यासाठी कलम १० मधला अनिच्छेचा अपवाद पुरेसा आहे: ज्याला लवकर जायचं आहे त्याने जावं आणि केलेल्या तासांचे पैसे घ्यावेत. फक्त हा अपवाद पळवाट होऊ नये. ती ओळखायची खूण सोपी आहे. बारांपैकी एकजण साडेनऊला गेला तर त्याची परीक्षा असेल. बाराच्या बारा जण साडेनऊला ‘स्वेच्छेने’ गेले असतील, तर त्यांना सोडलं होतं.

तपासणीचंही असंच आहे. ठेकेदाराची वही एकटी पाहिली तर ती नेहमी जुळते. पण मोठ्या हॉटेलात कामगारांच्या दाराशी टाइम ऑफिस असतं, तिथे आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ सुरक्षारक्षक लिहितो. शिवाय प्रत्येक समारंभाचा कागद असतो, त्यावर जेवणाची वेळ आणि पाहुण्यांचा आकडा असतो. वहीतले तास त्या कागदावरच्या जेवणाच्या वेळेशी तंतोतंत जुळले आणि दारावरच्या नोंदीशी जुळले नाहीत, तर लाइनअप आणि आवराआवर खाल्ली गेली आहे हे समजायला दुसरा पुरावा लागत नाही. कामगाराच्या हाताशी तर ग्रुपवरचा मेसेजच आहे, त्यात रिपोर्टिंगची वेळ असते. तो पुसू नये. वेतन संहितेच्या कलम ५९ प्रमाणे वेतन दिलं हे सिद्ध करायचा भार मालकावर आहे, आणि दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने हात वर केले तर कलम ४३ नुसार ज्याच्या आस्थापनेत काम झालं त्याच्यावर ते देण्याची जबाबदारी येते, म्हणजे हॉटेल ‘ती आमची मुलं नाहीत’ एवढं म्हणून सुटत नाही.

पैसे कधी द्यायचे, हेही बेरजेत मोडतं. संहितेनुसार रोजावर नेमलेल्याला पाळी संपताना पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात ‘पुढच्या फंक्शनला देतो’ हे उत्तर मिळतं, आणि मागचे अडकलेले म्हणून माणूस पुढच्या कमी तासांच्या बोलावण्यालाही जातो. म्हणून प्रत्येक बोलावण्याची चिठ्ठी वेगळी हवी, त्यावर चार गोष्टी पुरतात: आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, धरलेले तास, रक्कम. ती मेसेजवर आली तरी चालेल.

यातलं काहीही करायला विधानसभेत नवा कायदा आणायची गरज नाही. अर्धवेळ कामगाराच्या तासाला १५ टक्के वाढ ही किमान वेतनाच्या अधिसूचनेतूनच आली. संहितेखाली राज्याला दर नव्याने ठरवावेच लागणार आहेत. हॉटेल आणि उपाहारगृहांची अधिसूचना काढताना त्या १५ टक्क्यांच्या कलमाखाली आणखी तीन वाक्यं लिहावीत: प्रत्येक बोलावण्याला किमान चार तासांचं वेतन, वेळ रिपोर्टिंगपासून सुटकेपर्यंत, आणि बेरीज प्रत्येक बोलावणं पूर्ण केल्यावर. परत पाठवलेल्या माणसालाही यातलं पहिलं वाक्य लागतं, कारण त्याला बोलावलं होतं. मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवल्या जातात. कॅटररांच्या संघटना तिथे लेखी हरकत देतील. वाढप्यांची संघटना बहुतेक ठिकाणी नाहीच, त्यामुळे त्यांच्या बाजूने सूचना पाठवण्याचं काम युनियननी, कायदा शिकणाऱ्या मुलांनी आणि हॉल बुक करणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांनी करायला हवं.